पी-मूल्याचा प्रश्न सुटतो, पण समज कळत नाही

प्रश्न: संख्याशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी आम्ही संकल्पना-प्रश्नसंच, म्हणजे कन्सेप्ट इन्व्हेंटरी, तयार करत आहोत. पी-मूल्य आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांवरचे आमचे बहुपर्यायी प्रश्न बहुतेक विद्यार्थी बरोबर सोडवतात. पण त्याच विद्यार्थ्यांना तोंडी विचारले की जुन्याच चुकीच्या समजुती बाहेर येतात. "p = 0.03 याचा अर्थ काय?" हा आमचा पहिला प्रश्न आहे. प्रश्नांत काय चुकते आहे?

उत्तर: तुमचा पहिला प्रश्न व्याख्या ओळखता येते का एवढेच तपासतो आणि विद्यार्थी ती ओळखतात. अशा प्रश्नाखालचे पर्याय बहुधा पुढीलप्रमाणे असतात. (अ) शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता 3 टक्के आहे. (ब) निकाल योगायोगाने मिळाला असण्याची शक्यता 3 टक्के आहे. (क) शून्य परिकल्पना खरी आहे असे मानल्यास मिळालेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता 3 टक्के आहे. (ड) परिणाम मोठा आहे. यांतला (क) सर्वांत लांब आहे, त्यातच फक्त "असे मानल्यास" ही अट आहे आणि वर्गातल्या फळ्यावर त्याच शब्दांत तो विद्यार्थ्याने पाहिलेला आहे. खात्री करायची असेल तर प्रश्न झाकून ठेवा आणि केवळ चार पर्याय संख्याशास्त्राशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवून "यांतला बरोबर कोणता असेल?" असे विचारा. त्याने (क) वर बोट ठेवले तर विद्यार्थ्याच्या बरोबर उत्तरावरून त्याच्या समजेबद्दल काहीही अनुमान काढता येणार नाही.

पर्याय (ब) बद्दल दोन शब्द वेगळे लिहितो, कारण मराठीत लिहिलेल्या प्रश्नांत तो हटकून सापडतो. "योगायोगाने मिळण्याची शक्यता" या शब्दांतून दोन अर्थ निघतात: केवळ योगायोग काम करत असेल तर असा निकाल मिळण्याची शक्यता, किंवा हा निकाल मिळाल्यावर त्यामागे योगायोग असण्याची शक्यता. पहिला अर्थ जवळपास बरोबर आहे आणि दुसरा चूक आहे. कित्येक शिक्षक पहिला अर्थ मनात धरून नेमके हेच वाक्य वर्गात बोलतात. त्यामुळे (ब) निवडणाऱ्या विद्यार्थ्याची समज चुकली की आपले वाक्य फसले, हे उत्तरपत्रिकेवरून ठरत नाही. असा पर्याय सरळ काढून टाकावा.

ज्या गैरसमजाला पकडायचे आहे तो एकच आहे आणि तो अटीच्या दिशेचा आहे. शून्य परिकल्पना खरी असताना असा निकाल किती वेळा येतो हे पी-मूल्य सांगते; असा निकाल आल्यावर शून्य परिकल्पना किती वेळा खरी असते हे ते सांगत नाही. ही दोन वाक्ये विद्यार्थ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली तर तो भाषेच्या आधारे योग्य वाक्य निवडतो. म्हणून दिशा उलटी धरली तर आकडाच वेगळा येईल, अशी परिस्थिती प्रश्नात मांडावी लागते. मी सध्या वापरतो तो प्रश्न असा आहे:

> एका प्रयोगशाळेने 500 द्रव्यांची प्रत्येकी एक चाचणी घेतली. प्रत्येक चाचणीत "हे द्रव्य निष्प्रभ आहे" ही शून्य परिकल्पना होती आणि p < 0.05 आल्यास निकाल सार्थक मानला होता. एकूण 135 निकाल सार्थक आले. पुढे दुसऱ्या, खात्रीच्या पद्धतीने कळले की 500 पैकी 300 द्रव्ये खरोखर निष्प्रभ होती. त्या 135 सार्थक निकालांमध्ये निष्प्रभ द्रव्यांचे निकाल साधारण किती असतील?
>
> (अ) सुमारे 7  (ब) सुमारे 15  (क) सुमारे 25  (ड) एकही नाही

बरोबर उत्तर 15 आहे. 0.05 ही मर्यादा निष्प्रभ द्रव्यांना लागू होते आणि 300 चे 5 टक्के म्हणजे 15. उरलेले 120 सार्थक निकाल प्रभावी असलेल्या 200 द्रव्यांतून आले, म्हणजे तिथे चाचणीची क्षमता 60 टक्के होती. पण उत्तरासाठी ते माहीत असण्याची गरज नाही. "सार्थक निकालांपैकी 5 टक्के चुकीचे असतात" असे मानणारा 135 चे 5 टक्के काढून 7 वर जातो. "एकूण चाचण्यांपैकी 5 टक्के चुकतात" असे मानणारा 500 चे 5 टक्के काढून 25 वर जातो. सार्थक म्हणजे सिद्ध, अशी ज्याची धारणा आहे तो (ड) निवडतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एकेक स्वतंत्र विचार आहे आणि प्रत्येक विचार आपापल्या आकड्यावर पोचतो. पर्याय "अवघड वाटावा" म्हणून आकडा घातला, तर तो निवडणाऱ्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

हे आकडे पहिल्या फटक्यात जमलेले नाहीत. माझ्या पहिल्या मसुद्यात 200 द्रव्ये होती आणि त्यांतली 180 निष्प्रभ होती. बरोबर उत्तर होते 9. प्रश्न सोपा निघाला, बहुतेकांनी 9 निवडले आणि मी समाधानाने तो संचात घातला. नंतर काही विद्यार्थ्यांना समोर बसवून मोठ्याने विचार करत प्रश्न सोडवायला सांगितले, तेव्हा एकाने शांतपणे 200 चे 5 टक्के काढले, 10 आले, आणि "सुमारे 9 सर्वांत जवळ आहे" म्हणून तोच पर्याय निवडला. चुकीची वाट बरोबर उत्तराच्या दारात येऊन पोचत होती. दुसऱ्या मसुद्यात मी 400 द्रव्ये घेतली, त्यांतली 240 निष्प्रभ धरली आणि सार्थक निकाल 92 ठेवले. तिथे बरोबर उत्तर 12, एकूण संख्येचा चकवा 20, आणि उलट्या दिशेचा चकवा 4.6, म्हणजे "सुमारे 5" असा झाला. मग काही जण 5 निवडू लागले ते केवळ 0.05 मध्ये 5 दिसतो म्हणून. तेव्हा आकडे ठरवताना दोन तपासण्या कराव्यात: चुकीच्या वाटांची उत्तरे बरोबर उत्तरापासून पुरेशी लांब आहेत का, आणि प्रश्नातला एखादा आकडा कोणत्याही पर्यायात जसाच्या तसा डोकावतो आहे का.

या प्रश्नाला "सांगता येणार नाही" असा पर्याय मी जाणूनबुजून दिलेला नाही. 300 हा आकडा दिला नसता तर तेच योग्य उत्तर ठरले असते, कारण किती परिकल्पना मुळात खऱ्या होत्या हे कळल्याशिवाय सार्थक निकालांतला चुकीचा वाटा काढता येत नाही. त्यामुळे हा पर्याय घाबरलेला विद्यार्थीही निवडतो आणि विषय चांगला समजलेला पण घाईत 300 वाचायचा राहिलेला विद्यार्थीही निवडतो. दोघांना एकाच खान्यात टाकणारा पर्याय निदानाच्या उपयोगाचा नाही.

आता प्रश्न प्रत्यक्ष वर्गात चालवून पाहण्याकडे वळतो. इथे एक गंमत आहे: परीक्षणशास्त्रात प्रश्नाच्या काठिण्य-निर्देशांकालाही p हेच अक्षर वापरतात, आणि तो म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण. पी-मूल्यावरच्या प्रश्नाचा p सांगताना बैठकीत हमखास गोंधळ उडतो, म्हणून मी तिथे शब्दातच "बरोबर उत्तरांचे प्रमाण" असे लिहितो. पण खरे लक्ष त्या प्रमाणापेक्षा पर्यायनिहाय विभागणीकडे द्यावे. समजा, 100 विद्यार्थ्यांनी संच सोडवला आणि उरलेल्या प्रश्नांतल्या गुणांवरून तुम्ही वरचे 27 व खालचे 27 विद्यार्थी वेगळे केले. वरच्या गटात (अ) 14 जणांनी, (ब) 10, (क) 1 आणि (ड) 2 जणांनी निवडला. खालच्या गटात हेच आकडे 7, 6, 8 आणि 6 असे आले. बरोबर उत्तराचा भेदक्षमता-निर्देशांक (10 − 6) / 27, म्हणजे सुमारे 0.15 येतो. नेहमीच्या नियमाप्रमाणे 0.2 च्या खालचा प्रश्न बाद करतात आणि बहुतेक समित्या इथेच हा प्रश्न टाकून देतील.

टाकण्याआधी (अ) च्या ओळीकडे पाहावे. उलट्या दिशेचा चकवा खालच्या गटापेक्षा वरच्या गटाला दुप्पट ओढतो आहे, तर खालचा गट चारही पर्यायांत विखुरलेला आहे. खालचे विद्यार्थी अंदाजाने खुणा करत आहेत; वरच्यांनी मात्र काहीतरी शिकले आहे आणि जे शिकले ते चुकीचे आहे. शिवाय "वरचा गट" ठरवला तो उरलेल्या प्रश्नांच्या गुणांवरून. ते प्रश्न व्याख्या ओळखण्याचेच असतील, तर व्याख्या पाठ असलेलेच वर जाणार आणि खऱ्या समजेचा प्रश्न या मापावर कमी भेद करणारा दिसणार. दोष प्रश्नात आहे की मापात, हे या आकड्यांतून ठरत नाही. वरच्या गटातले (अ) निवडणारे चार-पाच विद्यार्थी बोलावून "हे उत्तर कसे काढले?" एवढेच विचारावे. "सार्थकतेची पातळी 5 टक्के, म्हणून सार्थक निकालांतले 5 टक्के खोटे" असे ते म्हणाले, तर प्रश्न आपले काम चोख करतो आहे आणि तो ठेवावा. "300 चे 5 टक्के काढायचे होते, घाईत 135 चे काढले" असे म्हणाले, तर प्रश्नाची मांडणी सुधारावी.

अशा मुलाखतीत मी एक जोडप्रश्न हाताशी ठेवतो. हीच प्रयोगशाळा, हीच 500 द्रव्ये, पण या वेळी सर्वच्या सर्व निष्प्रभ आहेत आणि 25 निकाल सार्थक आले आहेत. त्यांतले चुकीचे किती? उत्तर 25 आहे, म्हणजे सगळेच. आधी 7 निवडलेला विद्यार्थी इथे 25 चे 5 टक्के काढायला जातो आणि मध्येच थांबतो, कारण निष्प्रभ द्रव्याचा सार्थक निकाल चुकीचाच असणार हे त्याच्या लक्षात येते. संचात छापण्यासाठी हा प्रश्न फार उघड आहे. पण विद्यार्थी कुठे अडखळला हे ऐकायला तो उत्तम आहे.

कॉन्फिडन्स इंटरव्हलकडे, म्हणजे विश्वास-अंतरालाकडे, वळताना एक सावधगिरी आधी सांगतो. "समष्टीची सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता 95 टक्के आहे" हे विधान बहुतेक संचांत चुकीचा पर्याय म्हणून दिलेले असते. 2014 साली हूक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 0.1 ते 0.4 या अंतरालाबद्दलची सहा विधाने विद्यार्थ्यांना आणि 120 संशोधकांना दिली होती. सहाही विधाने चुकीची धरलेली होती, तरी संशोधकांनी सरासरी तीनहून अधिक विधानांना होकार दिला आणि त्यांचे आकडे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. हा निष्कर्ष खूप उद्धृत होतो. पण प्रश्नकर्त्याच्या दृष्टीने त्यातली रचना अडचणीची आहे. एकही विधान बरोबर नसलेल्या यादीत, जो थोडाफार होकार देण्याकडे झुकतो तो अज्ञानी ठरतो आणि जो सर्वत्र नकाराची खूण करतो तो ज्ञानी ठरतो. तुमच्या संचात हो-नाही स्वरूपाची विधाने असतील, तर त्यांत खरी विधानेही मिसळलेली असली पाहिजेत.

शिवाय या विशिष्ट विधानाचा झगडा शब्दांचा जास्त आणि समजेचा कमी असतो. बेझच्या पद्धतीने, सपाट पूर्ववितरण धरून, सरासरीसाठी जे अंतराल निघते ते प्रसामान्य वितरणाच्या साध्या उदाहरणात आकड्यांनी हेच असते आणि तिथे "95 टक्के शक्यता" असे म्हणणे वैध आहे. वारंवारतेच्या चौकटीत ते म्हणता येत नाही, हे खरे. पण हे वाक्य निवडणारा विद्यार्थी पुढे कोणता निर्णय चुकीचा घेईल, असे विचारले तर मला ठोस उत्तर देता येत नाही. ज्या गैरसमजातून प्रत्यक्ष चूक घडते असे दाखवता येत नाही, त्यावर मी संचातली मोलाची जागा खर्च करत नाही.

प्रत्यक्ष चूक घडवणारा गैरसमज दुसराच आहे: अंतरालात समष्टीतल्या 95 टक्के वस्तू येतात, असे समजणे. त्यासाठीचा प्रश्न असा:

> एका प्रकारच्या बॅटऱ्यांतून यादृच्छिक पद्धतीने 400 निवडल्या. त्या सरासरी 50 तास चालल्या, प्रमाण विचलन 10 तास होते आणि आयुर्मानांचा आलेख घंटाकृती होता. सरासरी आयुर्मानाचे 95 टक्के विश्वास-अंतराल सुमारे 49 ते 51 तास आले. याच प्रकारच्या आणखी 1000 बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांतल्या साधारण किती बॅटऱ्या 49 ते 51 तासांच्या दरम्यान बंद पडतील?
>
> (अ) 80  (ब) 680  (क) 950

अंतरालाची आकडेमोड 50 ± 1.96 × 10/√400, म्हणजे 50 ± 0.98 अशी आहे. 10 तासांच्या प्रमाण विचलनापुढे 49 ते 51 ही अगदी अरुंद फट आहे; घंटाकृती आलेखात मध्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दशांश विचलनाएवढ्या या पट्ट्यात सुमारे 8 टक्के बॅटऱ्या येतात, म्हणून 80. (क) हा मूळ गैरसमजाचा चकवा आहे. (ब) हा अंतराल आणि "एका प्रमाण विचलनात 68 टक्के" हा नियम यांची सरमिसळ करणाऱ्यासाठी आहे. चौथा पर्याय मला सुचला नाही आणि मी तो ओढूनताणून घातलाही नाही. विद्यार्थ्याला 8 टक्के काढता येण्याची गरज नाही; शेजारी आलेख छापून त्यावर 49 आणि 51 च्या रेघा दाखवल्या की फट किती लहान आहे हे डोळ्यांना दिसते. आलेख दिसत असूनही जो 950 निवडतो, त्याच्या मनात "95 टक्के" हा शब्द आलेखापेक्षा बलवान आहे, हे निःसंशय कळते.

95 टक्के हा गुण पद्धतीचा आहे, हाती आलेल्या एका अंतरालाचा नाही, ही समज तपासायची असेल तर संगणकावर बनवलेले चित्र वापरावे. समष्टीची सरासरी 50 ही आपणच ठरवलेली असते, त्यातून 20 नमुने काढून 20 अंतराले एकाखाली एक आखलेली असतात, आणि सातवे अंतराल 51.1 ते 53.0 असे 50 च्या रेघेपासून दूर पडलेले असते. प्रश्न एवढाच: 50 हा आकडा सातव्या अंतरालात असण्याची शक्यता किती? पर्याय 95 टक्के, 5 टक्के आणि शून्य असे द्यावेत. इथे तत्त्वज्ञानाचा वाद उरत नाही, कारण खरी सरासरी सगळ्यांना दिसते आहे आणि उत्तर शून्य आहे. 95 टक्के निवडणारा विद्यार्थी अंतरालाला चिकटलेला शिक्का वाचतो आहे, चित्र नव्हे. 5 टक्के निवडणाऱ्याला मात्र मी मुलाखतीला बोलावतो, कारण "अशी अंतराले 5 टक्के वेळा चुकतात" हा बरोबर विचार तो चुकीच्या प्रश्नाला लावत असतो. याच चित्राबरोबर "याच पद्धतीने आणखी 200 अंतराले काढली, तर 50 किती अंतरालांत सापडेल?" हा दुसरा भाग जोडला की 190 च्या आसपास उत्तर देणारे वेगळे पडतात. पहिल्या भागात चुकलेला पण दुसऱ्यात बरोबर आलेला विद्यार्थी दोन्हीकडे चुकलेल्यापेक्षा बराच पुढे असतो.

या सगळ्या प्रश्नांचे गुण एकत्र करून "पी-मूल्य आणि अंतराल: 10 पैकी 6" असा एक आकडा देऊ नये. वेगवेगळे गैरसमज एकमेकांना बांधलेले नसतात. 7 निवडणारा विद्यार्थी बॅटऱ्यांच्या प्रश्नात बिनचूक असू शकतो. त्यामुळे संचाचा क्रॉनबाख अल्फा कमी आला तरी तेवढ्यावरून प्रश्न गाळायला सुरुवात करू नका. सारख्याच वळणाचे प्रश्न ठेवत गेलात तर अल्फा वाढेल आणि हाती पुन्हा व्याख्या ओळखण्याचा संच राहील. शिक्षकाला पर्यायनिहाय तक्ता द्यावा: किती जण उलट्या दिशेच्या चकव्यात सापडले, किती जणांनी अंतरालाला बॅटऱ्यांचा पसारा समजले. एका वर्गात (अ) वर चाळीस जण असतील, तर पुढच्या तासाला 500 द्रव्यांचे दोन स्तंभ फळ्यावर मांडावेत, 300 आणि 200, आणि 135 कुठून कुठून आले हे विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावे. सहा आठवड्यांनी तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्यावा. उदाहरणार्थ 800 द्रव्ये, 400 निष्प्रभ, 260 सार्थक. तिथे बरोबर उत्तर 20 येते, उलट्या दिशेचा चकवा 13 आणि एकूण संख्येचा 40, आणि या तिघांमध्ये गल्लत होण्याइतके जवळ कोणीही नाही.